पहिल्या पानावरच निर्णय हवा असेल तर : पार्श्वभूमी आधी की मागणी आधी?

प्रस्तावाचा सारांश दोन प्रकारे लिहिता येतो. एकात आधी पार्श्वभूमी, मग अडचण, मग पर्याय आणि शेवटी शिफारस. दुसऱ्यात पहिल्याच वाक्यात काय मंजूर करायचं आहे ते, आणि बाकी सगळं त्याच्या मागे. मी दोन्ही प्रकार वापरले आहेत. कंपनीच्या प्रोजेक्ट खात्यात बसून भांडवली खर्चाचे प्रस्ताव पुढे सरकवणं हेच काम असल्यामुळे दोन्हीवर माझी मतं बनली आहेत. ती सगळ्यांना पटतीलच असं नाही, पण ज्याला आज सारांश लिहायचा आहे त्याला कदाचित उपयोगी पडतील.

उदाहरण एकच घेतो, म्हणजे तुलना सोपी जाईल. आकडे समजण्यापुरते गोल केलेले आहेत. एमआयडीसीतल्या एका कारखान्याला छतावर ५०० किलोवॅटचं सोलर बसवायचं आहे. स्वखर्चाने बसवलं तर २ कोटी. त्याशिवाय शेडचे सिमेंटचे पत्रे जुने झालेत, पॅनल चढवण्याआधी ते बदलायला ३० लाख. वर्षाला साधारण ७ लाख युनिट तयार होतील. ग्रीडची वीज ८ रुपये युनिट धरली तर बचत ५६ लाख. दुसरा पर्याय ओपेक्सचा : पैसे विक्रेता घालणार, आपण त्याच्याकडून २० वर्षं साडेचार रुपयांनी वीज घेणार. त्यात बचत साडेचोवीस लाख, आणि पत्रे मात्र दोन्हीकडे आपल्यालाच बदलायचे.

पार्श्वभूमी आधी घेतली तर सारांश असा सुरू होतो : ‘गेल्या काही वर्षांत औद्योगिक वीजदरात सातत्याने वाढ झाली असून उत्पादन खर्चावर त्याचा परिणाम होत आहे. हरित ऊर्जेकडे वळण्याच्या व्यवस्थापनाच्या धोरणास अनुसरून खालील पर्यायांचा अभ्यास करण्यात आला...’ यात चुकीचं काहीच नाही. आपल्याकडे सरकारी टिपणी अशीच लिहितात. आधी विषयाचा इतिहास, मग नियम, मग तपासणी, आणि सगळ्यात शेवटी ‘मान्यतेस्तव सादर’. आपल्यापैकी बहुतेकांचा हात याच वळणावर बसलेला असतो. शिवाय त्यात एक अदब आहे. साहेबांना थेट ‘एवढे पैसे द्या’ म्हणण्याऐवजी त्यांना पायरीपायरीने तिथपर्यंत नेलं जातं.

मागणी आधी घेतली तर तेच पान असं उघडतं : ‘शेड क्र. २ व ३ वर ५०० किलोवॅट सोलर स्वखर्चाने बसवण्यासाठी, पत्रे बदलण्यासह, एकूण २ कोटी ३० लाख रुपयांच्या खर्चास मंजुरी द्यावी ही विनंती. कोटेशनची मुदत ३० तारखेला संपते.’ अदब इथेही आहे, फक्त ती वाक्याच्या क्रियापदात आहे, पानाच्या लांबीत नाही.

माझ्या बाबतीत पारडं फिरवलं ते एका छोट्या त्रासाने. पार्श्वभूमीवाला सारांश वर गेला की बरेचदा कोपऱ्यात पेनने दोन शब्द लिहून परत येतो : ‘प्लीज स्पीक’. ज्यांनी फायली वर पाठवल्या आहेत त्यांना हे दोन शब्द माहीत आहेत. हा नकार नसतो, होकारही नसतो. मग साहेबांच्या सेक्रेटरीला फोन, मग वेळ मिळण्याची वाट, मग केबिनबाहेरची खुर्ची. आत गेल्यावर प्रश्न काय, तर ‘छताचं काय? जुने पत्रे हे वजन पेलतील?’ त्याचं उत्तर तिसऱ्या पानावर, ३० लाखांच्या आकड्यासकट लिहिलेलं असतं. तोवर आठवडा गेलेला असतो आणि विक्रेता नव्या दराबद्दल बोलू लागलेला असतो.

यात डायरेक्टरचा दोष मी मानत नाही. ते फाईल दोन मीटिंगच्या मध्ये उघडतात, पुष्कळदा मोबाईलवर. मोबाईलच्या पहिल्या पडद्यावर जेमतेम दोन परिच्छेद मावतात. पार्श्वभूमीच्या सारांशात त्या दोन परिच्छेदांत त्यांना ठाऊक नसलेलं काहीही नसतं. वीज महाग झाली आहे हे त्यांच्याइतकं कोणाला कळतं? माझा अंदाज असा, की माहीत असलेलं वाचत असताना माणूस मनात स्वतःचे प्रश्न तयार करू लागतो, आणि ते प्रश्न पुढच्या पानाची वाट पाहत नाहीत.

मागणी आधी लिहिण्याचा दुसरा फायदा लिहिणाऱ्याच्याच पदरात पडतो, आणि तो थोडा बोचरा आहे. पहिलं वाक्य लिहायला बसलो की आपलं अजून काही ठरलेलंच नाही हे लगेच कळतं. २ कोटी की २ कोटी ३०? पत्रे याच मंजुरीत की वेगळी फाईल? पार्श्वभूमीच्या मांडणीत हे प्रश्न शेवटच्या परिच्छेदापर्यंत ढकलता येतात. तिथे ‘योग्य तो निर्णय व्हावा’ असं लिहून सुटताही येतं.

हे वाक्य घडवायची मला सापडलेली सोपी युक्ती म्हणजे ते ठरावासारखं लिहायचं. प्रस्ताव बोर्डापुढे जाणार असेल तर ही युक्ती जास्तच कामाची. बोर्डाच्या सभांसाठीच्या सचिवीय मानकानुसार, मंजुरी लागणाऱ्या विषयासोबत त्याचा अर्थ, व्याप्ती आणि परिणाम संचालकांना समजतील अशी टीप द्यावी लागते. कंपनी सेक्रेटरीला तुमचं पहिलं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं ठरावात उतरवता आलं, तर ते पुरेसं नेमकं आहे. त्यांनी फोन करून ‘रक्कम करासह की कराशिवाय?’ विचारलं, तर अजून काम बाकी आहे.

मागणीनंतर त्याच पानावर मी फार थोडं ठेवतो. कारण एकच, आकड्यांसकट : २ कोटी ३० लाख घालून वर्षाला ५६ लाख वाचतात, म्हणजे देखभाल सोडली तर सुमारे चार वर्षांत पैसे परत. नाकारलेला पर्याय, तोही न्यायाने : ओपेक्समध्ये सोलरचे २ कोटी वाचतात, पण बचत निम्म्याहून कमी आणि २० वर्षांचं बंधन, त्यामुळे रोख रकमेची चणचण नसेल तर तो सुचवत नाही. मग पैसे कोणत्या बजेटमधून जाणार, आणि होकार मिळाल्यावर पहिली सही कोणाची. एवढ्यावर बहुतेक प्रश्न संपतात.

आता या मांडणीची कमजोरी, कारण ती आहे आणि मोठी आहे. उत्तर आधी आलं की वाचणारा तिथेच थांबू शकतो, आणि उत्तर चुकीचं असेल तर ते तसंच पुढे जातं. नासाचं कोलंबिया हे अवकाशयान २००३ मध्ये कोसळलं, तेव्हा चौकशी मंडळाने इंजिनिअरांच्या एका स्लाइडवर बोट ठेवलं होतं. उड्डाणावेळी इंधनटाकीवरचा फोम सुटून यानावर आदळला होता, आणि यान अवकाशात असताना त्याचा धोका जोखण्यासाठी तयार केलेल्या त्या स्लाइडचं शीर्षक दिलासा देणारं होतं. चाचणीत वापरलेला फोमचा तुकडा ३ घनइंचाचा आणि यानावर आदळलेला अंदाजे १९२० घनइंचाचा, ही गोष्ट मात्र अगदी तळाच्या ओळींत होती. निष्कर्ष वर होता, पण त्याला सुरुंग लावणारा आकडा खाली.

म्हणून मागणी आधी लिहायची असेल तर माझ्या मते एक परिच्छेद पहिल्या पानावरून हलवू नये : हे गणित कुठे बिघडतं. सोलरच्या प्रस्तावात तो असा होईल. ‘ही बचत दिवसाचा वीजदर ८ रुपये धरून आहे. टीओडीच्या, वेळेनुसार बदलणाऱ्या दरांत दिवसाच्या वेळेला सवलत मिळून तो ७ रुपयांवर आला तर बचत ४९ लाख होते आणि परतफेड पावणेपाच वर्षांच्या आसपास जाते. ५ रुपयांपर्यंत घसरला तर साडेसहा वर्षांहून जास्त लागतात, आणि तशी चिन्हं दिसली तर आम्ही ही शिफारस करणार नाही.’ शेवटचं अर्धवाक्य लिहायला धीर लागतो. बरेच जण तिथे ‘जोखीम नियंत्रणात आहे’ असं लिहून मोकळे होतात. पण अनुभवी डायरेक्टर नेमका हाच आकडा शोधत असतो. तो सापडला नाही तर पुन्हा ‘प्लीज स्पीक’.

मधला मार्गही आहे. मॅकिन्झीत काम केलेल्या बार्बरा मिंटो यांनी रुजवलेल्या पद्धतीत, वाचणाऱ्याला मान्य असलेली परिस्थिती आणि तीत आलेली अडचण दोन-तीन वाक्यांत सांगून लगेच उत्तर देतात. विषय नवा असेल तेव्हा मला ही पद्धत बरी वाटते. त्रास इतकाच, की आपल्या हातात ती दोन वाक्यं बघता बघता दोन परिच्छेद होतात आणि आपण फिरून टिपणीवर येतो. लेखणी आवरता येत असेल तर जरूर वापरा.

पार्श्वभूमी आधी हीच मांडणी मी आजही निवडेन अशा जागा आहेत. प्रस्ताव कोणाचं खातं बंद करण्याचा किंवा लोक हलवण्याचा असेल, तर पहिल्या ओळीतली मागणी अंगावर येते. वाचणाऱ्याचं मन आधीच विरोधात असेल तर कारणं त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. नव्याने आलेल्या, धंद्याची ओळख नसलेल्या संचालकाला आधी जमीन दाखवावी लागते. आणि निर्णय नकोच असेल, नुसती माहिती द्यायची असेल, तर मागणीची मांडणी उगाच घाई वाटते. अशा वेळीही पहिल्या ओळीत ‘निर्णय अपेक्षित नाही, माहितीस्तव’ एवढं लिहिलेलं चांगलं.

नेहमीच्या खरेदी-विस्ताराच्या प्रस्तावांसाठी मात्र माझा कल स्पष्ट आहे. शंका असेल तर करून पाहा. फक्त पहिलं पान प्रिंट करा, प्रोजेक्टशी संबंध नसलेल्या अकाउंट्समधल्या कोणाला तरी द्या, आणि पान परत घेऊन विचारा : काय मागितलंय, किती, कधीपर्यंत, आणि ‘नाही’ म्हटलं तर काय होईल. चौथ्या प्रश्नावर बहुतेक पानं अडतात, कारण कोटेशनची तारीख आपण लिहितो, पण ती उलटल्यावर खर्च वाढणार की नुसती नवी कोटेशनं मागवावी लागणार, ते लिहायचं राहून जातं. ती ओळ घाला. पान भरलं असेल तर तिच्यासाठी जागा वीजदरवाढीच्या वाक्यातून काढा.