आठ महिने वापरून: ‘ही तीच व्यक्ती आहे का?’ विचारणारं फोटो अ‍ॅप

पाच तारे देणार होतो, तीनवर आलोय. कारण एकच, ते ‘हो’चं बटण. स्टोरेज, शोध, बॅकअप सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. फक्त महिन्याचे पैसे मोजतोय म्हणून बोलायचा हक्क आहे, इतकंच.

फेब्रुवारीत आमच्या इंदूरला, रामबागेतल्या घरी पुतण्याची मुंज झाली. चुलत-मावस धरून छत्तीस जणांचा एक ग्रुप फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलेबीच्या रांगेत उभा असताना अ‍ॅपने दोन चेहरे शेजारी ठेवून विचारलं, ही तीच व्यक्ती का? मी हो, हो, हो करत गेलो. आठवड्याने ‘आई’ शोधलं तर निम्म्या फोटोंत मावशी! दोघींत दोन वर्षांचं अंतर, नाक एकच, अंबाडाही तसाच.

मला वाटायचं हे प्रश्न म्हणजे आपल्याकडून फुकटात बेगार करून घेणं. थोडंसं ते आहेच. पण मुळात अ‍ॅपला नाव कळत नाही. ते प्रत्येक चेहऱ्याची आकड्यांची एक ओळ बनवतं. दोन ओळी फार जवळ असतील तर न विचारता एका गठ्ठ्यात टाकतं, फार लांब असतील तर वेगळ्या ठेवतं, आणि मधल्या पट्ट्यात आल्या की तुम्हाला विचारतं. हा पट्टा अरुंद केला आणि एकत्र करण्याची मर्यादा सैल ठेवली तर बहिणी गुपचूप एक होतात. मर्यादा कडक केली तर एकाच माणसाचे चष्म्यासकट, चष्म्याविना असे चार गठ्ठे पडतात. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतला चेहरा नखाएवढा, त्यात मान वळलेली, म्हणून प्रश्न तिथेच जास्त येतात. म्हणजे विचारणं हा दोष नाही, उलट प्रामाणिकपणा आहे. दोष हा की ‘हो’ एका बोटात होतं आणि उलटं फिरवायला सोय नाही. मी दोन संध्याकाळी बसून मावशीचे फोटो एकेक करून आईच्या गठ्ठ्यातून काढले.

इथपर्यंत चार तारे होते. चौथा गेला तो मावशीच्या फोनमुळे, आणि खरं तर तो या अ‍ॅपचा दोष नव्हे.

या फोटो अ‍ॅपमध्ये मी चेहऱ्याला दिलेलं नाव माझ्या खात्यापुरतं राहतं. जुन्या अल्बममध्ये फोटोमागे पेन्सिलने लिहावं तसं. फोटो कुणाला पाठवला तरी नाव सोबत जात नाही. त्यामुळे ‘हो’ म्हणणारा मी एकटा, ज्यांचा चेहरा आहे त्यांना कुणी विचारतच नाही. त्याच सवयीत मी तो फोटो एका सोशल अ‍ॅपवर टाकला आणि मावशीला टॅग केलं. तिथे टॅग म्हणजे तिच्या पानाशी जोडलेला दुवा. तिने ‘आधी मला दाखवा’ हे सेटिंग चालू ठेवलं होतं, म्हणून तिच्या पानावर काही आलं नाही. पण माझ्या पोस्टवर नाव दिसतच राहिलं. ते सेटिंग तिचं पान राखतं, माझं नाही. “अरे, मला विचारायचंस तरी,” एवढंच फोनवर म्हणाली. मग स्वतःच टॅग काढला.

नुसत्या विचारण्यावरून किती महाभारत घडलंय ते बघा. फेसबुक पूर्वी चेहरा ओळखून टॅगचं नाव सुचवायचं. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये २००८ पासून कायदा आहे की चेहऱ्याचं असं मोजमाप घेण्याआधी लेखी संमती हवी. त्याच कायद्याखालच्या खटल्यात फेसबुकला ६५ कोटी डॉलरवर तडजोड करावी लागली, आणि २०२१ मध्ये त्यांनी ती यंत्रणाच बंद करून शंभर कोटींहून जास्त लोकांचे चेहऱ्यांचे साचे पुसायचं जाहीर केलं. तिथेही आरोप हाच होता: चेहरा ज्याचा, त्याला विचारलंच नाही. आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घरगुती, वैयक्तिक वापराला लागूच नाही, त्यामुळे मावशीची तक्रार माझ्यापर्यंतच.

परवा तिला घरी बोलावून अ‍ॅप दाखवलं. तेवढ्यात एका स्कॅन केलेल्या जुन्या फोटोवरून प्रश्न आला. तिने फोन हातभर लांब धरला. “ही ताई. नाही, थांब, कानातल्या कुड्या माझ्या आहेत... पण त्या ताईही घालायची.” आम्ही ‘खात्री नाही’ दाबलं आणि चहा टाकला.