खिडकीच्या उजेडातले पोर्ट्रेट आणि लिनिअर ग्रेडियंट: काही महिन्यांच्या वापरानंतर

लाइटरूम क्लासिकमधला लिनिअर ग्रेडियंट मी पावसाळ्यापासून जवळजवळ एकाच कामासाठी वापरतोय. माणूस खिडकीला खांदा लावून बसलेला, एक गाल उजळ आणि दुसरा अंधारात, अशा फोटोत दोन्ही गालांमधला फरक कमी करायचा. आता माझं मत पक्कं झालंय. नुसता ग्रेडियंट अशा चेहऱ्यावर चालत नाही. त्वचेच्या मास्कशी त्याची सांगड घातली की फार चांगला चालतो.

नुसता का चालत नाही, ते पडद्यावर लगेच दिसतं. अंधाऱ्या कानापासून नाकाकडे ग्रेडियंट ओढून Exposure वाढवला की गाल उजळतो, पण त्यामागची भिंतही उजळते आणि काळे केस राखाडी होतात. डोक्याच्या त्या बाजूला धूर साचल्यासारखं वाटतं. ग्रेडियंटला चेहरा कळत नाही, त्याला फक्त सरळ रेषा कळते.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. आत्याचा फोटो होता, खिडकी तिच्या डावीकडे, मागे पिवळट भिंत, ISO 800, रॉ फाइल. हिस्टोग्रामखालचे आकडे पाहिले तर उजळ गालावर लाल चॅनल 82 टक्क्यांच्या आसपास आणि अंधाऱ्या गालावर 24. आधी ग्रेडियंट कानापासून नाकाच्या पलीकडच्या कडेपर्यंत ओढला. तो खिडकीच्या चौकटीला समांतर न ठेवता नाकाच्या रेषेला समांतर फिरवला, कारण आत्याची मान किंचित कललेली होती. मग मास्कच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतून Intersect Mask With आणि तिथे Select People. त्यात Face Skin बरोबर Body Skin सुद्धा टिक केलं. हे दुसरं टिक फार महत्त्वाचं आहे. ते राहिलं तर चेहरा उजळतो, गळा तसाच काळा राहतो आणि डोकं वेगळ्या फोटोतून आणून चिकटवल्यासारखं दिसतं.

मास्क तपासताना O दाबा, पण त्याचा लाल रंग आधी हिरवा करून घ्या. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर लाल थर कुठे विरळ होतो ते डोळ्याला कळतच नाही.

आता आकडे. अंधाऱ्या बाजूला Exposure 0.70 वर आणि Shadows 15. सगळी दरी एकाच बाजूने भरू नका, असं माझं ठाम म्हणणं आहे. दुसरा ग्रेडियंट खिडकीच्या बाजूने उलटा ओढून तिथेही त्वचेशी छेद घेतला आणि Exposure -0.35 ठेवला. दोन्ही गाल साधारण 74 आणि 33 वर आले. फरक अजून बराच आहे आणि तो हवाच, नाहीतर नाकाची सावली गेली की चेहरा पापडासारखा सपाट होतो.

यानंतर रंग. खिडकीतून आलेला आकाशाचा उजेड निळसर आणि अंधाऱ्या गालावर भिंतीवरून परतलेला पिवळा. अंधारात असेपर्यंत हा पिवळेपणा लपतो, उजळला की अर्धा चेहरा हळद लावल्यासारखा दिसतो. त्याच मास्कमध्ये Temp -6 आणि Saturation -8 केल्यावर दोन्ही गाल एकाच माणसाचे वाटू लागले. सावलीत दडलेला दाणाही वर येतो, त्याला Noise 20 पुरला.

ग्रेडियंटचा पट्टा अरुंद ओढला तर कपाळावर उभी कड उमटते. फोटो लघुचित्राएवढा करून पाहिला की ती चटकन नजरेत येते. मोठ्या आकारात पाहत बसलं तर डोळा सरावतो. नाकाचा शेंडा पट्ट्यात येऊन चमकत असेल तर Subtract मधून Luminance Range निवडून उजळ भाग वजा करावा.

ऊन थेट गालावर पडलं असेल आणि सावलीची कड धारदार असेल, तिथे मात्र हे काही कामाचं नाही. सावलीची कड नाक-ओठांवरून वळत जाते आणि ग्रेडियंट सरळच राहतो. तिथे ब्रशच घ्यावा लागतो. अंधाऱ्या बाजूच्या डोळ्यातही चमक नसेल तर ग्रेडियंट ती आणून देत नाही, बुबुळ फक्त राखाडी होतं. म्हणून थर्माकोलचा पांढरा शीट मी आजही त्या बाजूला धरतो. त्याने डोळ्यात ठिपका येतो आणि मग Exposure 0.30 वाढवला तरी भागतं.

एकाच बैठकीतल्या बाकी फोटोंवर सेटिंग सिंक करताना त्वचेचा मास्क प्रत्येक फोटोत नव्याने शोधला जातो, पण ग्रेडियंट पहिल्या फोटोतल्याच जागी बसून राहतो. माणसाने मान वळवली असेल तर तो प्रत्येक फोटोत हाताने सरकवावा आणि फिरवावा लागतो.