शिकवणीचं लिंक पान: तयार सेवा की स्वतःचं?

सदाशिव पेठेत गणित शिकवणाऱ्या मावशीला एका पानावर तीन बटणं हवी होती: बॅचचा प्रवेश, सरावाची पुस्तकं आणि पालकांसाठी सल्ल्याची वेळ.

लिंकट्रीसारख्या तयार सेवेवर हे फोनवरूनच होतं, क्लिकही मोजले जातात. पण पत्ता त्यांच्या डोमेनवरचा. त्या पत्त्याचा क्यूआर सरावाच्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापला आणि पुढे सेवा सोडली, तर विकलेल्या सगळ्या प्रतींवरचा क्यूआर मेला. पुस्तक नसतं, तर मी हीच सेवा सुचवली असती.

दुसरा पर्याय म्हणजे स्वतःचं डोमेन आणि क्लाउडफ्लेअर पेजेसवर एक एचटीएमएल फाइल. होस्टिंग फुकट, डोमेनचं शुल्क मात्र दरवर्षी न विसरता भरायचं. आत बटणं कितीही बदला, छापलेला क्यूआर तोच राहतो. क्लिकची मोजणी आपोआप मिळत नाही. आम्ही ती कसर व्हॉट्सअ‍ॅपच्या दुव्यात भरून काढली:

```
<a href="https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Batch">बॅच</a>
```

नंबरात 91 हवा, त्याआधी + किंवा शून्य नको. बटण दाबलं की निरोपाच्या चौकटीत `text=` नंतरचा शब्द आधीच लिहिलेला येतो. पुस्तकांच्या बटणात `Batch` ऐवजी `Book`, सल्ल्याच्या बटणात `Salla`. पालकांनी तो शब्द न खोडता पाठवला, की निरोप कुठल्या बटणावरून आला ते मावशीला लगेच कळतं.