हापूसची कलमं देवगडची, खातं कोलकात्याचं

२०२३च्या जूनमध्ये मी बारा हजार रुपये घालवले. पावसाच्या तोंडावर जे बागायतदार फोनवरून रोपं, बियाणं मागवतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

दोनशे हापूस कलमं हवी होती. जाहिरातीतल्या नंबरावर बोललो. समोरचा माणूस देवगडचा म्हणाला, भाषाही मालवणी वळणाची. कलम १२० रुपयांना, निम्मे पैसे आगाऊ. भरवसा बसावा म्हणून त्याने कॅन्सल चेकचा फोटो पाठवला. त्यावर नर्सरीचं नाव आणि शाखा देवगड असं छापलेलं. मी खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड बँकेच्या ॲपमध्ये भरला. कोड भरताच ॲपने खाली शाखेचं नाव दाखवलं आणि त्यापुढे शहर होतं: KOLKATA. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण माझं सगळं लक्ष खाते क्रमांकाचा एकही आकडा चुकू नये याकडे, त्यामुळे मी खाली न बघता पुढे गेलो.

गाडी आली नाही आणि चौथ्या दिवशी फोन बंद झाला. मी देवगडला जाऊन त्या शाखेतच तक्रार करायची ठरवली. एसटीचं तिकीटही काढलं होतं. निघण्याआधी आमच्या गावच्या बँकेत डोकावलो, तेव्हा काउंटरवरच्या मॅडमनी चेकचा फोटो मोठा करून तळाची आकड्यांची पट्टी बघितली. "दादा, हे सातशे कुठलं? हा तर कोलकात्याचा आकडा." त्या पट्टीत नऊ आकड्यांचा एमआयसीआर कोड असतो. त्यातले पहिले तीन शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मुंबईचा ४०० ने सुरू होतो, पुण्याचा ४११ ने, कोलकात्याचा ७०० ने. भामट्याने वरचं शाखेचं नाव खोडून देवगड घातलं होतं, खालची पट्टी तशीच ठेवली होती. नीट बघितलं तर 'देवगड'ची अक्षरं शेजारच्या अक्षरांपेक्षा किंचित जाडही होती.

मग मॅडमनी आयएफएससी कोड समजावला. एकूण अकरा अक्षरं. पहिली चार बँकेची, पाचवं नेहमी शून्य, शेवटची सहा शाखेची. SBIN0000300 म्हणजे स्टेट बँकेची मुंबई मुख्य शाखा. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर शाखांची यादी आहे, तिथे कोडवरून शाखेचं नाव आणि पत्ता मिळतो. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ओ लिहिला तर कोड चालत नाही, हे मला त्याच दिवशी कळलं.

मी विचारलं, नाव नर्सरीचं लिहिलं होतं, मग पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले कसे? तर एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, आपण टाइप केलेलं नाव कुणी ताडून बघत नाही. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण पैसे पाठवले त्याच संध्याकाळी काढून घेतलेले निघाले. तक्रार पहिल्याच तासात गेली असती तर ते अडवता येण्याची शक्यता होती.

आता कोडवर आंधळा विश्वासही ठेवू नका. शाखा देवगडचीच निघाली, तरी खातं कुणीतरी भाड्याने दिलेलं असू शकतं. उलट, कोड दुसऱ्या गावचा निघाला म्हणून माणूस लबाडच असं नाही. नोकरीच्या गावी उघडलेलं खातं बरेच जण तसंच चालवतात. शिवाय काही छोट्या सहकारी बँका मोठ्या बँकेचा कोड वापरतात, तेव्हा सांगलीच्या खात्याचा पत्ता मुंबईचा दिसू शकतो. विसंगती दिसली की पैसे थांबवायचे आणि विचारायचं, एवढंच कोडवरून ठरतं. विचारण्यासाठी शाखेचा नंबर त्या माणसाकडून घेऊ नका. बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या.

१ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएसआधी खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नाव बघता येतं. त्याला पैसे पडत नाहीत. ॲप वापरत नसाल तर शाखेत जाऊनही विचारता येतं.

यंदा मी पुन्हा कलमं घेतली. कोडवरून शाखेचा पत्ता काढला, तो नर्सरीच्या तालुक्यातलाच निघाला. पण नाव तपासलं तर ते एका बाईंचं. विक्रेत्याला तसं स्पष्ट विचारलं. "खातं बायकोच्या नावावर आहे भाऊ, या आणि बघून जा," तो म्हणाला. मी गेलो, त्या वहिनींना भेटलो, कलमं हाताळून बघितली आणि तिथेच उभं राहून पैसे पाठवले.