आमच्या प्लॉटवर विहीर नाही, नकाशात आहे

एक लाख सात हजार सहाशे रुपये. नकाशांचे 35,000, 'शासकीय फी' म्हणून 42,600 आणि 'त्रुटी काढून घेण्यासाठी' 30,000. बांधकाम परवानगी करून देतो म्हणणाऱ्या माणसाने एवढे घेतले आणि दिलं काय, तर दुसऱ्याच कुणाच्या तरी प्लॉटचे नकाशे. खाली माझं नाव आणि माझा गट नंबर टाकून.

आता कुणीही म्हणेल, नकाशा बघायला नको होता का? बघितला होता हो. नकाशांचा संच पूर्ण होता: जागा कुठे आहे ते दाखवणारा स्थळदर्शक, 1:500 चा साइट प्लॅन, 1:100 चे दोन्ही मजले, दर्शनी बाजू, घराचा उभा काप दाखवणारा छेद आणि कोपऱ्यात क्षेत्रफळाचा तक्ता. सगळी बेरीज जुळत होती. प्लॉट 12.00 गुणिले 18.00, म्हणजे 216 चौ.मी. घर 9.00 गुणिले 12.00, दोन मजले, एकूण बांधकाम तेही 216. आमच्याकडे प्लॉटच्या एक पट बांधकाम चालतं, म्हणजे एफएसआय काठोकाठ. मोकळी जागा, म्हणजे मार्जिन, दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर, पुढे-मागे तीन-तीन. मला काय, कुणालाही ते चोख वाटलं असतं.

पण साइट प्लॅनच्या मागच्या कोपऱ्यात एक गोल होता आणि शेजारी लिहिलं होतं 'विहीर'. माझ्या प्लॉटवर विहीर नाही, कधीच नव्हती. मी बोट ठेवून विचारलं. तो हसला, म्हणाला, "साहेब, ते चिन्ह आहे, ऑफिसला लागतं." आणि मी पान उलटलं! तो क्षण अजून झोपू देत नाही. पण माझ्या जागी तुम्ही असता तरी तेच केलं असतं. नकाशांवर इतक्या अगम्य खुणा असतात की आणखी एक खपून जाते. खरं सांगायचं तर विहिरीआधीच संशय यायला हवा होता तो आकड्यांनी. खरा प्लॉट असा दोन्हीकडून बरोबर 12.00 आणि 18.00 क्वचितच भरतो. मोजणीचा नकाशा माझ्याच कपाटात होता, त्याने तो मागितलासुद्धा नाही. मोजणी नकाशा न मागता साइट प्लॅन काढणाऱ्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा.

मोजणीप्रमाणे माझा प्लॉट पुढे 11.40, मागे 10.80, खोली 18.00. म्हणजे 199.80 चौ.मी. मागे निमुळता होत जातो. घराची मागची भिंत जिथे येणार तिथे प्लॉटची रुंदी उरते 10.90. त्यातून 9.00 चं घर वजा केलं की राहतात 1.90, म्हणजे प्रत्येक बाजूला 95 सेंटिमीटर. नियमाप्रमाणे हवेत दीड मीटर. इथेच नकाशा नापास.

दुसरी गोष्ट रस्त्याची. समोरचा रस्ता आज 6 मीटरचा, पण विकास आराखड्यात 9 मीटरचा दाखवलाय. दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर जाणार. नकाशात मात्र रस्ता आधीच 9 मीटरचा काढलेला (त्या दुसऱ्या प्लॉटसमोर असेल तसा!). माझ्या पुढच्या बाजूची दीड मीटरची पट्टी, सुमारे 17 चौ.मी., रुंदीकरणात जाते. उरतात 183 च्या आसपास. त्यावर 216 चौ.मी. बांधकाम कोण मंजूर करणार? शिवाय पुढचं मार्जिन आजच्या हद्दीपासून नाही, रुंदीकरणाच्या रेषेपासून मोजतात, त्यामुळे तीनचं दीडच राहिलं. आपल्यासमोरचा रस्ता आराखड्यात किती रुंदीचा आहे हे आधी लेखी घ्या. प्लॉट विकणारा सांगतो ते धरू नका.

छेदाचीही तीच रड. छेद जिना आणि संडास-बाथरूममधून घ्यायचा असतो, कारण तपासणाऱ्याला जिन्यात डोक्यावर किती जागा आहे आणि सांडपाणी कुठून खाली उतरतं ते बघायचं असतं. आमचा छेद हॉल आणि बेडरूममधून गेलेला. दोन मजल्यांच्या उंच्या सोडल्या तर त्यात कळण्यासारखं काहीच नाही.

आणि कार्यालयाने काढलेली सगळ्यात संतापजनक त्रुटी कुठली? 'शोषखड्डा विहिरीपासून पुरेशा अंतरावर नाही.' पिण्याच्या पाण्याची विहीर असेल तर साधारण 18 मीटर अंतर मागतात, नकाशात होतं 7. नसलेल्या विहिरीपायी माझी फाइल अडली!

हे सगळं मला कळलं फार उशिरा, कारण ऑनलाइन अर्जात मोबाइल नंबर त्याने स्वतःचा टाकला होता. त्रुटींचा मेसेज त्याला गेला. मला एवढंच सांगितलं की "साहेब अडून बसलेत, 30,000 लागतील." मी दिले. मुदतीत उत्तर न गेल्यामुळे फाइल बंद झाली. अर्जात नंबर आणि ईमेल तुमचाच हवा, पासवर्डही तुमच्याकडेच.

42,600 चं काय झालं? दाखल करताना भरायची होती फक्त छाननी फी, 2,000. विकास शुल्क वगैरे छाननीत नकाशे बसल्यावर, चलन निघाल्यावर भरायचं असतं, तेही थेट कार्यालयाच्या खात्यात. चलन नसेल तर एक पैसा देऊ नका. रोख तर नाहीच.

आता कार्यालयाबद्दल. मी त्रुटीपत्राची प्रत मागितली तर म्हणाले, "ती लॉगिनमध्ये असते." लॉगिन त्या भामट्याकडे. मग "तुमच्या तांत्रिक व्यक्तीशी बोला." नकाशावर ज्या इंजिनिअरची सही आणि नोंदणी क्रमांक होता त्याला गाठलं, तो म्हणाला ही सही माझी नाहीच, नोंदणीची मुदतही संपलीय. मुदत संपलेला क्रमांक कार्यालयाने स्वीकारला कसा? यावर उत्तर, "सिस्टीमने घेतला." शेवटी माहिती अधिकारात कागद काढले तेव्हा फाइलमध्ये स्थळपाहणीचा अहवाल निघाला. त्यात कनिष्ठ अभियंत्याने स्वच्छ अक्षरात लिहिलंय: 'जागेवर विहीर आढळून आली नाही.' म्हणजे यांचा माणूस माझ्या प्लॉटवर उभा राहिला, नकाशा खोटा आहे हे त्याने पाहिलं, लिहिलं, आणि त्याच टेबलावरून विहिरीपासूनच्या अंतराची त्रुटी निघाली! एकाला तरी मालकाला फोन करावासा वाटला का? पोलीस चौकीत तर दोन मिनिटांत निकाल: दिवाणी बाब आहे, वकील बघा. खोटी सही दिवाणी बाब असते हे मला त्या दिवशी कळलं. वरिष्ठांकडे लेखी अर्ज दिलाय, तो पुढे सरकवला गेला तो त्याच टेबलाकडे.

सहीचा आणखी एक मुद्दा. परवानाधारकाला स्वतः भेटा, मध्यस्थाच्या मोबाइलवर नाही. त्याच्या नोंदणीची मुदत कार्यालयाच्या यादीत पाहा. आणि कोऱ्या नकाशावर मालकाची सही कधीच नको. माझी त्याने दोन ताव पुढे करून आधीच घेतली होती, 'पुन्हा यायला नको' म्हणून.

आता दुसऱ्या वास्तुविशारदाने मोजणी नकाशावरून आणि जागेवर टेप लावून नवे नकाशे काढलेत. घर झालंय 7.90 गुणिले 10.50, मजल्याला 83 चौ.मी.ही नाही. वरची एक खोली गेली. छाननी फीचे 2,000 पुन्हा भरले, पावती माझ्या नावाची आहे. तो माणूस अजून त्याच कार्यालयाच्या आवारात उभा असतो, हातात नकाशांची गुंडाळी घेऊन. तुमच्या नकाशात विहीर निघाली तर मला कळवा, त्याच्यावर एकत्र तक्रार करू.