खोका ढकलताना: हात 50 सेंमीवर की 120 सेंमीवर?

इतवारीच्या गोदामातला 60 सेंमी रुंद, दीड मीटर उंच खोका घ्या. वजन 900 न्यूटन, घर्षणांक 0.4, भार सारखा भरलेला. सरकवायला कुठूनही 0.4 × 900 = 360 न्यूटनच लागतात.

उलटवायला मात्र समोरच्या खालच्या कडेभोवती आघूर्ण बघायचं: F × उंची = 900 × 30. 50 सेंमीवर 540 न्यूटन लागतील, म्हणजे खोका आधीच सरकतो. 120 सेंमीवर 225 पुरतात, तो आडवा होतो. सीमा 60 ÷ (2 × 0.4) = 75 सेंमी.

हलवायचा असेल तर हात खालीच ठेवा. पण कड फरशीच्या सांध्यात अडकली की सरकणं थांबतं. मग 540 न्यूटनला खालूनही उलटतो. मागची कड उचलली जाताना दिसली, की जोर लगेच सोडा.