डाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओमध्ये १९४० च्या दशकाचं कृष्णधवल चित्र : काही महिन्यांच्या वापरानंतर

हा अनुभव एका ठरावीक कामाबद्दल आहे. डिजिटल कॅमेऱ्यावर रंगीत चित्रित केलेल्या फुटेजमधून १९४० च्या दशकातल्या कथेसाठी कृष्णधवल चित्र काढायचं आणि ते 'फिल्टर मारल्यासारखं' दिसू द्यायचं नाही. काम रिझॉल्व्ह स्टुडिओच्या `Color` पेजवर केलं आहे. `RGB Mixer` मोफत आवृत्तीतही मिळतो. `Film Grain`, `Film Look Creator` आणि टेम्पोरल नॉइज रिडक्शन यांना मात्र स्टुडिओ आवृत्ती लागते.

काही महिने वापरल्यावर ठाम झालेलं मत असं की चित्र खोटं वाटायला ग्रेन क्वचितच जबाबदार असतो. रंगांचं करड्या छटांमध्ये रूपांतर निष्काळजीपणे झालेलं असतं, खिडक्या-दिवे जळालेले असतात, आणि हे लपवायला वर ग्रेन, ओरखडे, धूळ, थरथर असं सगळं चढवलेलं असतं. म्हणून आधी एक गोष्ट ठरवावी : प्रेक्षक त्या काळात नुकताच बनलेला चित्रपट पाहतोय, की आज एखाद्या डब्यात सापडलेली झिजलेली प्रिंट पाहतोय? ओरखडे आणि धूळ ही प्रिंट पुन्हापुन्हा चालवल्याची झीज आहे. १९४० च्या दशकातली ३५ मिमीची ताजी प्रिंट स्वच्छ, स्थिर आणि खोल काळ्या रंगाची असायची. कथेत एखादं वृत्तचित्र दाखवायचं असेल तर `Film Damage` तेवढ्याच भागावर लावावा. अख्ख्या कथेवर तो लावला की पात्रांच्या आणि प्रेक्षकाच्या मध्ये एक काच येते.

आता रूपांतराकडे. बहुतेक जण सॅच्युरेशन शून्यावर नेतात आणि पुढे जातात. त्यापेक्षा `RGB Mixer` मध्ये `Monochrome` वर खूण करावी. तिथे सुरुवातीचे आकडे साधारण लाल ०.२१, हिरवा ०.७२, निळा ०.०७ असे असतात. हे व्हिडिओचं ब्राइटनेसचं गणित आहे, कुठल्याही फिल्मचा स्वभाव नव्हे. ते कुठे अडवतं ते एका शॉटवर पाहू.

खिडकीपाशी बसून पत्र वाचणारी एक स्त्री आहे. अंगावर लाल शाल, मागे मळकट हिरवी भिंत. स्कोपवर ०–२५५ च्या मोजणीत शाल सुमारे लाल १५०, हिरवा ४५, निळा ५०. भिंत ५०, ७५, ६०. चेहरा १९०, १४०, ११५. मूळ आकड्यांनी शाल ६७ वर येते आणि भिंत ६९ वर. डोळ्यांना हा फरक कळतच नाही, त्यामुळे शाल भिंतीत विरघळते आणि बाईचं डोकं हवेत तरंगल्यासारखं दिसतं. मग माणूस कॉन्ट्रास्ट वाढवतो, पण दोन्ही छटा एकच असल्यामुळे त्या एकत्रच हलतात. इथे कॉन्ट्रास्टचा काही उपयोग नाही.

मिक्सर लाल ०.३५, हिरवा ०.५०, निळा ०.१५ केला की शाल ८२ वर जाते, भिंत ६४ वर, चेहरा १५४ वर. शाल भिंतीपासून सुटते आणि चेहरा किंचित उजळतो. १९४० च्या दशकातली पॅनक्रोमॅटिक फिल्म सगळे रंग टिपायची आणि सेटवरचे टंगस्टन दिवे तांबडा प्रकाश भरपूर द्यायचे, त्यामुळे लाल बाजूला झुकलेलं हे मिश्रण त्या काळाला शोभतं. तिन्ही आकड्यांची बेरीज एक ठेवावी, नाहीतर एक्स्पोजर बदलतं आणि मिक्सरने काय केलं हे कळत नाही.

कथा १९२० च्या आसपासची असेल तर गणित उलटं होतं. तेव्हाची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल ०, हिरवा ०.५५, निळा ०.४५ घातलं तर त्याच शॉटमध्ये शाल ४७ वर उतरते, भिंत ६८ वर राहते आणि चेहरा १२९ वर येतो. ओठ गडद होतात, त्वचेवरचे डाग उठून दिसतात, निळं आकाश पांढरं पडतं. पॅनक्रोमॅटिक फिल्मने ऑर्थोला मागे टाकलं ते १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्यामुळे १९४५ च्या कथेत काळेभोर ओठ आणि कोरं पांढरं आकाश दिसलं की जाणकाराला काळ चुकल्याचं लगेच कळतं.

ऑर्थो मिश्रणाची एक व्यावहारिक अडचण आहे. निळा चॅनल डिजिटल कॅमेऱ्यात सगळ्यात जास्त नॉइज असलेला, आणि टंगस्टन प्रकाशात तर तो उपाशीच असतो. शिवाय ८ बिट ४:२:० फुटेजमध्ये रंगाची माहिती चित्राच्या एक चतुर्थांश रिझोल्यूशनची असते. मिक्सरने निळा वर ओढला की ती माहिती थेट करड्या छटेत उतरते, आणि ओठांच्या किंवा शालीच्या कडेला लहान चौकोनी पायऱ्या दिसू लागतात. ग्रेनने त्या झाकल्या जात नाहीत. यावर उपाय चित्रीकरणातच करावा लागतो : १० बिट ४:२:२ किंवा रॉ, आणि दिवसाच्या रंगाचा प्रकाश.

खिडकीसाठीही हेच खरं. फिल्म उजेडाच्या टोकाकडे हळूहळू दबत जाते, डिजिटल सेन्सर एका पातळीवर सपाट कापतो. कापलेल्या खिडकीची कड इतकी टणक असते की तिच्याभोवती कितीही चमक लावली तरी ती व्हिडिओच दिसते. म्हणून लॉग प्रोफाइलमध्ये, खिडकीतला तपशील शाबूत ठेवून चित्रित करावं आणि कर्व्हचं वरचं टोक हलकं वाकवावं. खालच्या टोकाला मात्र काळा रंग उचलू नये. दुधाळ काळा ही विटलेल्या छायाचित्राची किंवा वाईट ट्रान्सफरची खूण आहे, आणि जुनेपणा दाखवायला सगळ्यात जास्त वापरला जातो तो नेमका हाच. तपकिरी सेपियाचंही तसंच. मूकपटांच्या प्रिंट रंगात बुडवल्या जायच्या हे खरं, पण १९४० च्या दशकातलं नेहमीचं कृष्णधवल चित्र पडद्यावर काळं-पांढरंच दिसायचं.

नोडचा क्रम नीट बसवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. टिकलेला क्रम असा : पहिल्या नोडमध्ये कॅमेऱ्याचा नॉइज काढणं, दुसऱ्यात एक्स्पोजर आणि लॉगमधून साध्या चित्रात आणणं, तिसऱ्यात मिक्सर, चौथ्यात किंचित ब्लर, पाचव्यात दिव्यांभोवतीची चमक, सहाव्यात ग्रेन, आणि शेवटी प्रिंटचा कर्व्ह. ब्लरमध्ये `Radius` मूळ ०.५० वरून ०.५२ च्या आसपास पुरतो. तो ग्रेनच्या आधीच हवा. खऱ्या फिल्मवर चित्र भिंगामुळे आणि इमल्शनमुळे थोडं मऊ झालेलं असतं, कण मात्र तीक्ष्ण असतात. ब्लर ग्रेननंतर लावला की कणही वितळतात आणि पडद्यावर धुरकट चिखल दिसतो. चमक मिक्सरनंतर येते, म्हणून तिच्यात रंग येऊ देऊ नये, कारण हॅलेशनची, म्हणजे दिव्यांभोवती अशी चमक देणारी, साधनं तांबडी झाक देतात. ती रंगीत फिल्मची सवय आहे. कृष्णधवल फिल्मवर प्रकाश बेसमध्ये पसरून परत येतो तेव्हा चमकेला रंग नसतो.

ग्रेन प्रिंटच्या कर्व्हच्या आधी का, हेही याच क्रमातून कळतं. कण निगेटिव्हमध्ये असतात आणि प्रिंटचा कर्व्ह उजेडाची व अंधाराची दोन्ही टोकं दाबतो. त्यामुळे पडद्यावर कण मधल्या छटांमध्ये सगळ्यात जास्त दिसतात, म्हणजे गालावर, भिंतीवर, ढगाळ आकाशात. निव्वळ काळ्यात आणि झगझगीत पांढऱ्यात ते जवळपास नाहीसे होतात. डिजिटल नॉइज नेमका उलटा, सावलीत दाटणारा. म्हणून पहिल्या नोडमध्ये तो काढल्याशिवाय वर ग्रेन घातला तर काळ्या भागात दोन वेगळ्या जातीचे ठिपके एकमेकांवर दिसतात.

`Film Grain` मध्ये ३५ मिमीच्या प्रीसेटपासून सुरुवात करून `Saturation` शून्यावर न्यावं. कृष्णधवल फिल्मचा कण चांदीचा असतो, त्यात रंगीत ठिपके असूच शकत नाहीत. `Grain Strength` थांबलेल्या फ्रेमवर कधीही ठरवू नये. चालत्या चित्रात डोळा लागोपाठच्या फ्रेमची सरासरी काढतो, त्यामुळे स्थिर फ्रेमवर बरोबर वाटणारा ग्रेन चालू झाल्यावर कमी वाटतो आणि हात वर सरकतो. दहा-पंधरा सेकंदांचा, चेहरा आणि रिकामी भिंत दोन्ही असलेला तुकडा पूर्ण पडद्यावर चालवून पाहावा. भिंत उकळतेय असं वाटलं तर ग्रेन जास्त आहे. भिंत रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखी सपाट वाटली तर कमी आहे. बाहेरून आणलेली ग्रेनची क्लिप लूपवर लावली असेल तर ती पुरेशी लांब हवी. नाहीतर त्याच कणांची पुनरावृत्ती डोळ्याला कळते आणि मळक्या खिडकीतून पाहिल्यासारखं होतं.

ग्रेन अंतिम रिझोल्यूशनच्या टाइमलाइनवरच घालावा. ४के वर घालून १०८० मध्ये काढला तर दर चार पिक्सेलचं एक होतं, आणि बारीक ग्रेनची तीव्रता जवळपास निम्मी होते. श्रेयनामावली आणि मजकुराच्या पाट्या ग्रेनशिवाय राहू देऊ नयेत. त्या काळी त्याही फिल्मवरच चित्रित व्हायच्या. सहावा आणि सातवा नोड क्लिपऐवजी टाइमलाइनच्या नोडवर ठेवले की पाट्यांनाही तेच लागू होतं आणि शॉटागणिक फरक पडत नाही. गेट वीव्ह, म्हणजे चौकटीची हलकी डुगडुग, लावायचाच असेल तर पाट्यांवर पाहून लावावा. अक्षरं हलताना कळली तर तो जास्त आहे.

`Film Look Creator` हॅलेशन, ग्रेन, फ्लिकर, गेट वीव्ह एकाच नोडमध्ये देतो. दिग्दर्शकाला दिशा दाखवायला ते पटकन होतं. अंतिम कामात मात्र मिक्सर आणि कर्व्ह यांच्यामध्ये नेमक्या जागी ग्रेन बसवता यायला हवा, म्हणून वेगळे नोडच बरे पडतात.

चौकट १.३७ ची हवी असेल तर १०८० उंचीला रुंदी १४८० पिक्सेल घ्यावी. हे शेवटी कापण्यापेक्षा चित्रीकरणाच्या वेळीच मॉनिटरवर आखलेलं बरं, कारण दोन्ही बाजूंची जागा गेल्यावर दोघांचे शॉट गिचमिड होतात.

एक्सपोर्टमध्ये बरंच कष्टाचं काम वाया जाऊ शकतं. ग्रेन प्रत्येक फ्रेमला बदलतो, त्यामुळे एन्कोडरला मागच्या फ्रेमवरून अंदाज बांधता येत नाही. बिटरेट कमी असेल तर तो कण पुसून टाकतो आणि भिंतीवर सरकणारे चौकोन उरतात. म्हणून मास्टर प्रोरेसमध्ये काढावा आणि त्यातून एच.२६४ प्रत अशी बनवावी :

```
ffmpeg -i master.mov -c:v libx264 -preset slow -crf 16 -tune grain -pix_fmt yuv420p -c:a aac out.mp4
```

फाइल मोठी होते, पण कण टिकतात. ऑनलाइन चढवल्यावर ती पुन्हा दाबली जाते. तिथे `Grain Strength` वाढवून उलटाच परिणाम होतो, कारण जास्त कण म्हणजे एन्कोडरवर जास्त ताण आणि जास्त चौकोन. अशा प्रतीसाठी तीव्रता थोडी कमी आणि `Grain Size` किंचित मोठा ठेवावा. मोठा कण दाबल्यावर जास्त टिकतो. सभागृहात दाखवायची प्रत मूळ मापानेच वेगळी काढावी.